पडद्यावरच्या पाण्याची खोली

गेममधलं बेट तयार असतं. वाळू, माड, खडक, ओढून ठेवलेली होडी, सगळं जागच्या जागी मांडलेलं असतं. मग समुद्र म्हणून एक मोठा सपाट निळा पृष्ठभाग त्या बेटातून आरपार घातला जातो, आणि दृश्य तिथेच बिघडतं. वाळू आणि निळा रंग जिथे भेटतात तिथे एक कडक रेघ उमटते. घोटाभर पाण्याचा आणि पुरुषभर पाण्याचा रंग एकच दिसतो. खऱ्या किनाऱ्यावर पाणी नेमकं कुठे संपलं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. ते उथळ होत जातं, वाळू त्यातून दिसू लागते आणि कडेला फेसाची फाटकीतुटकी किनार पुढेमागे होत राहते. पडद्यावर हे सगळं उभं करण्याचं काम शेडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करतो.

शेडर ग्राफिक्स कार्डवर चालतो आणि पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळा चालतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाखांहून जास्त पिक्सेल असतात. त्यातला अर्धा भाग पाण्याने व्यापला, तर पाण्याचा शेडर एका चित्रासाठी दहा लाख वेळा चालतो, आणि अशी चित्रं सेकंदाला साठ काढायची असतात. हे शक्य होतं, कारण प्रत्येक पिक्सेल आपापला रंग स्वतंत्रपणे काढतो, शेजाऱ्याला काही विचारत नाही. पण त्यामुळेच एक अडचणही येते. पाण्याच्या पिक्सेलला आपण कुठे आहोत हे कळतं, आपल्याखाली काय आहे हे कळत नाही. तळ बोटभर खाली आहे की दहा मीटर, हे त्याला बाहेरून सांगावं लागतं. चांगलं पाणी आणि वाईट पाणी यांतला फरक बहुतेक वेळा हे अंतर कसं मोजलं यावरच ठरतो.

उदाहरणासाठी गोडो हे इंजिन घेऊ. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी बनवलेलं हे इंजिन २०१४ साली सर्वांसाठी खुलं झालं. ते कुणालाही फुकट वापरता येतं आणि त्याची शेडरची भाषा वाचायला सोपी आहे. दृश्य साधंच धरू. पाण्याची पातळी शून्यावर आहे. किनाऱ्याची वाळू दर दहा मीटरला एक मीटर खाली उतरते. वाळूवर उभ्या माणसाचे डोळे पाण्याच्या पातळीपासून १.७ मीटर उंच आहेत.

खोलीकडे वळण्याआधी पाणी हलवावं लागतं. पृष्ठभाग सपाटच ठेवून त्यावर लाटा भासवण्याची युक्ती जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली मांडली. एखादी जागा उजळ दिसणार की काळोखी, हे त्या जागेचं तोंड कुठल्या दिशेला आहे यावर ठरतं. भूमितीतला पृष्ठभागावरचा लंब तो हाच, ग्राफिक्सवाले त्याला नॉर्मल म्हणतात. पृष्ठभाग न उचलता नुसते हे लंब इकडेतिकडे कलते केले, तर प्रकाशाचा हिशेब फसतो आणि डोळ्याला सुरकुत्या दिसतात. हे कल ज्या चित्रात साठवलेले असतात त्याला नॉर्मल मॅप म्हणतात. सरळ उभ्या लंबाचा आकडा १२८, १२८, २५५ असा पडतो, म्हणून ही चित्रं जांभळट निळी दिसतात.

ते चित्र पाण्यावर पसरून एका दिशेने सरकवत नेलं, तर पाणी वाहण्याऐवजी छापील चादर ओढल्यासारखं दिसतं. कारण उघड आहे. खऱ्या पाण्यावर एकच लाट आकार न बदलता पुढे जात नाही. वेगवेगळ्या लाटा एकमेकींना छेदतात, क्षणभर उंचवटा होतो आणि विरतो. म्हणून तेच चित्र दोनदा घ्यायचं, वेगळ्या आकारात आणि वेगळ्या दिशेने.

```glsl
vec2 p = world_pos.xz;
vec2 a = texture(wave_tex, p * 0.13 + TIME * vec2(0.020, 0.010)).rg * 2.0 - 1.0;
vec2 b = texture(wave_tex, p * 0.31 - TIME * vec2(0.015, 0.030)).rg * 2.0 - 1.0;
NORMAL_MAP = vec3((a + b) * 0.25 + 0.5, 1.0);
```

यातल्या आकड्यांमागे कारणं आहेत. ०.१३ ने गुणल्यावर चित्राची एक फरशी सुमारे पावणेआठ मीटरची होते आणि ०.३१ ने गुणल्यावर सव्वातीन मीटरची. या दोन मापांचं गुणोत्तर पूर्णांक नाही, हे मुद्दाम. ते २ किंवा ३ असतं, तर दोन्ही थर ठरावीक अंतरावर पुन्हा जुळले असते आणि उंचावरून पाहताना समुद्रावर चौकड्या दिसल्या असत्या. वेगाचं म्हणाल तर मोठा थर सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर सरकतो आणि लहान थर सुमारे ११. खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा जोरात पळते, तोच क्रम इथे पाळला आहे. तो उलटा केला तर पाणी कुठेतरी खटकतं, पण काय खटकतंय ते पटकन सांगता येत नाही.

०.०२० आणि ०.०३० असे गोल आकडे घेण्यामागे आणखी एक बारकावा आहे. गोडोमधलं `TIME` अनंतकाळ वाढत नाही, ३६०० सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतं. आकडा फार मोठा झाला की त्याचे दशांश बोथट होतात आणि लाटा अडखळत सरकू लागतात, म्हणून ही सोय केलेली आहे. पण वेग ०.०११ असेल, तर तासाभरात चित्र ३९.६ फरश्या सरकलेलं असतं आणि शून्यावर येताच समुद्र एका झटक्यात उडी मारतो. वेगाला ३६०० ने गुणून पूर्णांक आला, की चित्र अचूक पहिल्या जागी परततं आणि उडी कुणाला दिसत नाही. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष सापडणं शक्यच नसतं.

दुसरा नेहमीचा घोटाळा चित्र वाचण्याच्या पद्धतीत होतो. नॉर्मल मॅपमध्ये रंग नसतात, मापं असतात. शेडरमध्ये त्यापुढे `hint_normal` लिहायचं असतं. तिथे चुकून `source_color` लिहिलं, तर इंजिन त्याला रंगीत चित्र समजून आकडे बदलतं. मधला ०.५ उतरून सुमारे ०.२२ होतो आणि सगळे लंब एकाच बाजूला झुकतात. ओळखायची खूण अशी की पाण्यावरचा सूर्याचा चमकता पट्टा सूर्याच्या खाली न पडता बाजूला सरकलेला दिसतो.

आता तळ. इंजिन आधी वाळू, खडक, होडी अशा अपारदर्शक वस्तू रंगवतं आणि रंगवताना प्रत्येक पिक्सेलपाशी कॅमेऱ्यापासून किती अंतरावर वस्तू लागली याची नोंद ठेवतं. या नोंदींच्या चित्राला डेप्थ टेक्स्चर म्हणतात. पाणी पारदर्शक असल्याने त्याची पाळी नंतर येते. त्यामुळे पाण्याच्या पिक्सेलला ती नोंद वाचून विचारता येतं, की मी इथे नसतो तर या पिक्सेलमधून काय दिसलं असतं? उत्तर अर्थातच तळाची वाळू.

मात्र नोंदीतला आकडा मीटरमध्ये नसतो. जवळच्या वस्तूंना जास्त बारकाई आणि लांबच्यांना कमी, अशा बेताने तो दाबलेला असतो. गोडोच्या ठरलेल्या कॅमेऱ्यात १० मीटरवरच्या आणि ११ मीटरवरच्या दोन बिंदूंच्या आकड्यांत जेवढा फरक पडतो, त्याच्या सुमारे शंभरावा भाग फरक १०० आणि १०१ मीटरवरच्या बिंदूंत पडतो. ते आकडे तसेच वजा केले, तर जवळचं पाणी खोल आणि लांबचं पाणी उथळ निघतं. म्हणून आकडा आधी उलगडून त्या बिंदूची जगातली खरी जागा काढायची असते.

```glsl
float raw = texture(depth_tex, SCREEN_UV).r;
vec4 v = INV_PROJECTION_MATRIX * vec4(SCREEN_UV * 2.0 - 1.0, raw, 1.0);
v.xyz /= v.w;
vec3 floor_pos = (INV_VIEW_MATRIX * vec4(v.xyz, 1.0)).xyz;
float depth = world_pos.y - floor_pos.y;
```

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. अनेक जण इथे पाण्यापासून तळापर्यंतचं अंतर नजरेच्या दिशेने मोजतात, म्हणजे कॅमेऱ्यापासून तळ किती लांब यातून कॅमेऱ्यापासून पाणी किती लांब हे वजा करतात. तसं केल्याने एक ओळ वाचते आणि वरून खाली पाहताना उत्तरही बरोबर येतं. कॅमेरा खाली आणला की ते ढासळतं.

आपल्या किनाऱ्यावर हे मोजून पाहू. अंतर ३० सेंटिमीटरपेक्षा कमी भरेल तिथे फेस काढायचा, असं ठरवलं. उतार दहाला एक असल्याने डोक्यावरून पाहताना फेसाचा पट्टा पाण्याच्या कडेपासून तीन मीटर रुंद दिसतो. आता वाळूवर उभ्या माणसाच्या नजरेने आठ मीटर पुढचं पाणी पाहू. नजर आठ मीटरमध्ये १.७ मीटर खाली जाते, म्हणजे क्षितिजाच्या जेमतेम १२ अंश खाली. पाण्यात शिरल्यावरही ती तशीच तिरपी पुढे जाते, आणि तोवर तळसुद्धा खाली खाली चाललेला असतो. जिथे खरी खोली ३० सेंटिमीटर आहे तिथे पाण्यात शिरलेली नजर वाळूला भिडेपर्यंत अडीच मीटरहून जास्त जाते. ३० सेंटिमीटरची अट पूर्ण होते ती फक्त कडेच्या ३३ सेंटिमीटरच्या चिंचोळ्या पट्टीत. तीन मीटरचा फेस वीतभर-दीडवीतभर उरतो. खेळाडू कॅमेरा वरखाली करत चालला की फेस भरतीसारखा फुगतो आणि आटतो, समुद्र मात्र जागचा हललेला नसतो. फेस कॅमेऱ्याबरोबर श्वास घेतो आहे असं दिसलं, की दोष या एका वजाबाकीत आहे असं खुशाल समजावं.

वरच्या शेवटच्या ओळीत म्हणूनच उंचीतून उंची वजा केली आहे. याच दृश्यात तिने पट्टा १.६ मीटर भरतो. तीन मीटर भरत नाही, कारण नजर ज्या वाळूला भिडते ती पाण्याच्या त्या बिंदूच्या थेट खाली नसून पुढच्या, जरा खोल जागेची असते. डेप्थ टेक्स्चरकडे जे दिसलं तेवढंच असतं. पायाखालचा तळ त्याला ठाऊक नाही. तरी ३३ सेंटिमीटर आणि १.६ मीटर यांतला फरक डोळ्याला फार मोठा आहे.

उभी खोली वापरण्याला भौतिकशास्त्राचाही आधार आहे, आणि तो रंगाच्या बाबतीत जास्त मोलाचा ठरतो. पाण्याचा रंग गडद होतो तो पाण्यातून जाताना प्रकाश शोषला गेल्यामुळे, आणि ही घट अंतरानुसार घातांकी असते. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश दोन मीटरमध्ये निम्म्यावर येतो आणि पाच मीटरमध्ये १८ टक्के उरतो, तर ५५० नॅनोमीटरचा हिरवा पाच मीटरनंतरही ७५ टक्के शिल्लक असतो. मग नजरेच्या दिशेचं अंतरच रंगासाठी खरं अंतर नाही का, असं वाटेल. पण खऱ्या पाण्यात शिरताना किरण वाकतो. कितीही आडव्या नजरेने पाहिलं, तरी पाण्याच्या आत तो उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांपलीकडे कलत नाही. म्हणजे सपाट तळावर त्याचा प्रवास उभ्या खोलीच्या दीडपटीपुढे जात नाही. शेडरमधली न वाकणारी नजर १२ अंशांवर तोच प्रवास जवळजवळ पाचपट मोजते. त्यामुळे कॅमेरा खाली आणला की घोटाभर पाणीसुद्धा भर समुद्रासारखं काळंनिळं दिसायला लागतं.

आडव्या नजरेला खऱ्या समुद्राचा तळ दिसेनासा होतो तो मुख्यतः परावर्तनामुळे. वरून पाहताना पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित करतं, १२ अंशांवरून पाहताना सुमारे ३० टक्के, आणि तळाचा मंद प्रकाश आकाशाच्या प्रतिबिंबात हरवतो. हे काम परावर्तनाकडेच सोपवावं. खोलीच्या रंगाकडून ते करून घेतलं तर पाणी मळकं दिसतं.

```glsl
vec3 through = exp(-absorb * depth);
vec3 bottom = texture(screen_tex, SCREEN_UV).rgb;
float shore = 1.0 - clamp(depth / 0.3, 0.0, 1.0);
float n = texture(noise_tex, p * 0.4 + TIME * 0.01).r;
float foam = smoothstep(n, n + 0.1, shore);
EMISSION = bottom * through * (1.0 - foam);
ALBEDO = mix(deep_col * (1.0 - through), vec3(1.0), foam);
```

`absorb` मध्ये लाल, हिरवा, निळा यांसाठी तीन वेगळे आकडे असतात आणि समुद्राचा स्वभाव ठरतो तो इथेच. शुद्ध पाण्याचे आकडे घातले तर लक्षद्वीपसारखं नितळ पाणी मिळतं. पावसाळ्यातला कोकण किनारा हवा असेल, तर नद्यांनी आणलेल्या गाळाचा हिशेब धरून तिन्ही आकडे बरेच वाढवावे लागतात, आणि निळ्याचा सगळ्यात जास्त, म्हणजे पाणी मातकट हिरव्याकडे झुकतं. तळाचं चित्र `ALBEDO` मध्ये न घालता `EMISSION` मध्ये घालायचं कारण असं की त्या वाळूवर ऊन आधीच पडून गेलेलं असतं. `ALBEDO` मध्ये घातलं तर इंजिन त्यावर पुन्हा एकदा प्रकाश टाकतं, आणि पाण्याखालच्या वाळूचा रंग कोरड्या वाळूशी कडेलाही जुळत नाही. दिवसाउजेडी हा दोष कधीकधी खपून जातो. दृश्यात संध्याकाळ केली की लगेच उघडा पडतो.

फेसाच्या ओळीत `shore` ही कडेला १ आणि ३० सेंटिमीटर खोलीला ० होणारी किंमत आहे. तीच थेट पांढऱ्या रंगाला दिली, तर कडेला गुळगुळीत, धुरकट पट्टा येतो आणि तो फेस वाटत नाही. म्हणून ठिपक्याठिपक्यांच्या चित्रातली, म्हणजे नॉइजची, प्रत्येक जागेची किंमत घेऊन तिला उंबरठा मानायचं. `shore` त्या उंबरठ्याच्या वर गेली तरच फेस. कडेजवळ जवळपास सगळे उंबरठे ओलांडले जातात आणि फेस सलग होतो. आत जाता जाता त्याला भोकं पडतात, मग तुकडे उरतात, मग काहीच नाही. `smoothstep` ची खालची मर्यादा `n` हीच ठेवली आहे, `n - 0.1` नाही. ती खाली नेली तर जिथे नॉइज शून्याच्या जवळ आहे तिथे भर समुद्रातही पांढरे डाग उठतात.

या किनारीशिवाय किनाऱ्याकडे सरकणारी फेसाची रेघ हवी असेल, तर `sin(depth * 20.0 + TIME)` एवढ्याने भागतं. ती सुमारे सव्वासहा सेकंदांनी पुन्हा येते. मधलं चिन्ह महत्त्वाचं आहे. अधिक असेल तर वेळ वाढताना तीच रेघ कमी खोलीकडे, म्हणजे वाळूकडे जाते. उणे असेल तर लाटा किनाऱ्यापासून समुद्रात निघून जातात. कड मऊ करण्यासाठी पाण्याची पारदर्शकता शून्य खोलीपाशी वाढवण्याचाही प्रघात आहे. ते करताना फेस त्यातून वगळावा लागतो, नाहीतर जिथे फेस सर्वांत दाट हवा नेमका तिथेच तो पुसला जातो.

१.६ मीटरवर अडलेला पट्टा पूर्ण तीन मीटरचा करायचा, तर पडद्यावरच्या नोंदींवरचं अवलंबन सोडावं लागतं. किनाऱ्याचा भूभाग हलत नसेल, तर त्याच्या उंचीचं वरून एक चित्र आधीच काढून ठेवता येतं. २०० मीटरच्या किनाऱ्यासाठी १०२४ बाय १०२४ चं चित्र घेतलं, तर दर २० सेंटिमीटरला एक नोंद मिळते. पाण्याचा पिक्सेल आपल्या `world_pos.xz` वरून थेट पायाखालची उंची वाचतो, आणि फेसाचा पट्टा होडीतून पाहा, वाळूवरून पाहा की माडाच्या शेंड्यावरून, तेवढाच राहतो. या चित्रात फक्त जमीन असते. तरंगणारी होडी, पाण्यात उतरलेला माणूस त्यात येत नाहीत, त्यांच्याभोवतीचा फेस डेप्थ टेक्स्चरमधूनच काढावा लागतो. म्हणून दोन्हीकडून आलेल्या फेसांपैकी प्रत्येक पिक्सेलला जो जास्त तो घेतात.

जुन्या प्रकल्पातला शेडर नव्या आवृत्तीत नेताना एक गोष्ट पाहून घ्यावी. गोडो ४.३ पासून डेप्थ टेक्स्चरचे आकडे उलटे झाले. आता जवळची वस्तू १ कडे आणि लांबची ० कडे असते. वरच्यासारखी जागा उलगडून काढणारी संगती टिकते, पण `raw` ची थेट तुलना करणाऱ्या ओळी उलटं उत्तर देतात. कम्पॅटिबिलिटी रेंडरर निवडलेला असेल, तर `raw` लासुद्धा २ ने गुणून १ वजा करावा लागतो. गणित बरोबर बसलं की नाही हे रंग आणि फेस चढवण्याआधीच तपासलेलं बरं. `ALBEDO = vec3(depth);` एवढी एकच ओळ ठेवायची आणि कॅमेरा फिरवायचा. कडेला काळं आणि आत एक मीटर खोलीपर्यंत हळूहळू पांढरं होत जाणारं पाणी दिसलं, तर मोजमाप नीट आहे. कॅमेरा फिरवताना काळा पट्टा थोडाफार कमीजास्त होईल, पण तो जवळजवळ नाहीसा होत असेल तर वजाबाकी अजून नजरेच्या दिशेनेच चालली आहे.